मांजराला विटाळ नसतो

मांजर आमच्या घरात आलं ते उंदरांमुळे, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. लातूरच्या आमच्या घराला मागच्या अंगाला धान्याची कोठी होती. एका वर्षी जोंधळ्याच्या पोत्यांना खालून भोकं पडायला लागली. शेजारच्या तेलघाण्यावरचं एक करड्या रंगाचं पिल्लू बायकोने मागून आणलं. दिवाळीपर्यंत कोठीतली खुडबुड थांबली. मांजराने आपलं काम चोख केलं, हे मी आजही कबूल करतो.

भांडण सुरू झालं ते थंडी पडल्यावर. मांजर कोठीतलं गोणपाट सोडून आक्काच्या अंथरुणात निजायला लागलं.

आक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन तीन वर्षांत विधवा झाली आणि चाकूरजवळच्या सासरहून आमच्याकडे आली, ती कायमची. मूलबाळ नाही. सोवळं असं कडक की तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याखालून कोणी वाकून गेलं तरी ती ते पुन्हा पिळायची. मी कचेरीतून आल्यावर कपडे बदलले नाहीत तर मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं करायची. आणि त्याच बाईच्या गळ्याशी, हनुवटीला पाठ लावून, मांजर झोपायचं. दोघांच्या तोंडांत चार बोटांचंही अंतर नसायचं.

मी पहिल्यांदा बोललो तेव्हा ती पहाटेची उठून अंथरूण गुंडाळत होती.

"आक्का, हे मांजर उंदीर खातं. त्याच तोंडाने अंग चाटतं. ते तू तोंडाशी घेऊन निजतेस?"

"मांजराला विटाळ नसतो," ती म्हणाली.

"विटाळाचं नाही म्हणत मी. घाणीचं म्हणतो."

"विटाळ नाही तर घाण कुठली? तू कचेरीत कोणाकोणाला शिवून येतोस ते आधी बघ."

हा तिचा कायमचा मुद्दा होता. निजामाचं राज्य होतं, कचेरीचं काम उर्दूतून चालायचं, आणि मी तिथे जमाखर्चाच्या शाखेत होतो. सगळ्या जातीधर्मांच्या माणसांना हात लागायचा. तिच्या हिशेबात मी अशुद्ध आणि मांजर शुद्ध. माझ्याच घरात मला मांजराच्या खालचं स्थान होतं, याचा मला राग यायचा. तो लपवायचा प्रयत्न मी कधी केला नाही.

बायको आगीत तेल ओतायला तयारच असायची. "वन्संचं सोवळं माणसांपुरतं आहे हो," ती भाकरी थापता थापता ऐकू जाईल असं म्हणायची. "शेपूट असलं की चालतं."

"तुला शेपूट नाही म्हणूनच तू उंबऱ्याबाहेर," आतून आक्काचं उत्तर यायचं.

असे दिवस चालले होते. मग थोरल्या मुलीचं पत्र आलं. ती अहमदपूरला दिली होती. पहिलं बाळंतपण, सातवा सरला की माहेरी येणार.

आता आक्काला काय वाटलं असेल ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घराण्यातली गेल्या पंचवीस वर्षांतली सगळी मुलं तिच्या पायांवर न्हाली होती. पहिले दहा दिवस सुईण. बारसं झालं की आक्का. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल रगडायचं, कढत पाणी घालायचं, मग धुरी द्यायची. माझी सगळी मुलं तिनेच न्हाऊ घातली. बाकी वर्षभर ती घरातली एक विधवा, मंगळागौरीला बोलावायची नाही, ओटीला पुढे करायची नाही. बाळंतपणातले ते दोन-तीन महिने मात्र सगळं घर तिच्या शब्दावर चालायचं. ती त्याची वाट बघायची. मुलीचं पत्र आल्यापासून तिने बाळंतशेपा आणि ओवा निवडायला घेतला होता.

आणि नेमकं त्याच सुमारास तिच्या मानेवर चट्टा उठला.

बायकोनेच तो पाहिला. पदर सरकला तेव्हा कानाखाली रुपयाएवढं लाल वर्तुळ, कडेला खपली, मधे कातडी साफ. ज्या बाजूला मांजर निजायचं तीच बाजू. आक्का म्हणाली घाम आहे. थंडीत घाम! मग म्हणाली उष्णता आहे. टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावायला लागली. त्याने ती जागा आणखी लाल झाली.

मी सरकारी दवाखान्यात गेलो. आक्का येणं शक्यच नव्हतं. तिथलं औषध कोणाच्या हातचं, त्यात चरबी कुठली, यावरच तिने नकार दिला असता. डॉक्टर हैदराबादकडचे होते, वयस्कर, बोलायला सरळ. चट्ट्याचं वर्णन ऐकलं आणि त्यांनी एकच विचारलं.

"घर में बिल्ली है क्या?"

मी हो म्हटलं.

"बिस्तर पे सोती?"

"गळ्याशी सोती."

ते हसले नाहीत. म्हणाले, हे गजकर्ण आहे, बुरशीचा रोग, आणि मांजराकडून माणसाला येतो. मांजराचे कान उजेडात बघा, तिथले केस गेलेले दिसतील. पिल्लांना हे फार होतं. मांजर घरात असू द्या, त्याला हाकलायचं कारण नाही, पण अंथरुणात नको आणि तोंडाशी तर नकोच. पिसवा असतात, उंदीर खाल्लेलं तोंड असतं, झोपेत नख लागतं. ओरखडा निघाला तर लगेच साबणाने धुवा. मांजराला हात लावला की हात धुवून मगच जेवा. मलम दिलं आणि बजावलं की हे मांजराला लावू नका, ते चाटून टाकतं आणि ते त्याला बाधतं. शेवटी मुलीचं बाळंतपण आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"बच्चे के कमरे में बिल्ली कू आने नक्को देव, साब."

"बायको म्हणते मांजर बाळाचा श्वास ओढतं."

"वो सब बातां हैं. मगर बच्चा गरम रहता, बिल्ली कू गरमी चाहिए. मुँह के पास जा के बैठ गई तो बच्चा गर्दन नहीं फिरा सकता. इतना बस है."

मी घरी येऊन मांजर उजेडात धरलं. उजव्या कानाच्या मागे चिंचोक्याएवढी केस गेलेली जागा होती. आक्काला दाखवली.

"भांडलं असेल कुठल्या बोक्याशी," ती म्हणाली.

"आणि तुझ्या मानेवर कुठला बोका भांडला?"

ती उठून आत गेली. मलमाची डबी तिने कोनाड्यात ठेवू दिली. हात लावला नाही. व्हॅसलीन आहे, चरबी नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मी तीनदा म्हटलं. तिने विचारलं, "त्याने बघितलं का ते होताना?"

मुलगी आली त्या संध्याकाळी मी घराचा नियम सगळ्यांदेखत सांगितला. बाळंतिणीच्या खोलीत मांजर येणार नाही. दार कडी लावून, खिडकीला जाळी. आणि आक्काच्या मानेवरचा चट्टा सुकल्याशिवाय ती बाळाला हात लावणार नाही.

मुलगी खाली बघत होती.

"मला? मला हात लावू देणार नाहीस?" आक्का म्हणाली. "तुझ्या पोरांचा शेंबूड कोणी पुसला?"

"तो पुसलास म्हणून हा चट्टा जात नाही."

"मग मांजर टाकून ये नदीपार. म्हणजे घर तुझं एकट्याचं झालं."

"मांजर राहू दे. अंथरुणात नको, एवढंच."

"माझं अंथरूण माझं आहे. त्यात कोण निजतं ते तू बघू नकोस. लाज वाटत नाही?"

यावर मी जे ठरवलं ते मला त्या वेळी फार न्याय्य वाटलं. मी म्हटलं, ठीक. पडवीतलं अंथरूण तुझं, तिथे तू हवं ते कर. बाळंतिणीची खोली माझ्या नियमाची. चट्टा सुकला, मांजर बाहेर राहिलं, तर बारशानंतर बाळ तुझ्या पायावर. ती हो म्हणाली. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शेत गहाण टाकलं.

आक्काने शब्द पाळला. मी ज्याला शब्द म्हणतो तो तरी पाळला. टाकळा सोडला, आणि एके दिवशी कोनाड्यातल्या डबीचं झाकण उघडलेलं दिसलं. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने डबी उकिरड्यावर फेकली असती. नात झाली. सुईणीचे दिवस संपले, बारसं झालं. तोवर मान साफ झाली होती. मी स्वतः दिव्यापाशी बघितली, आणि तिने दात ओठ खात बघू दिली. दुसऱ्या सकाळी ती पाट घेऊन न्हाणीत बसली.

खोटं बोलणार नाही, तिच्यासारखं कोणी न्हाऊ घालत नाही. पोर रडायचं ते तोंडावर पाणी येईपर्यंतच, मग तिच्या नडग्यांवर डोळे मिटून पडून राहायचं. आक्का त्याच्याशी भांडल्यासारखं बोलायची. "काय गं ए अहमदपूरकर, आजोबा कचेरीतून आला की आपल्याला शिवायला येतो, आपण न्हाई शिवून घ्यायचं. हाव का न्हाई?" मी दारात असलो की हे मुद्दाम मोठ्याने चालायचं.

मांजर त्या खोलीत गेलं नाही. याची मी खात्री देतो. मी कडी बघायचो, जाळी बघायचो, शेगडीजवळच्या चटईवर केस आहेत का ते बघायचो. आणि तरी बाळ सव्वा महिन्याचं होत आलं तेव्हा त्याच्या गालावर लाल ठिपका उठला, पसरला आणि कडेने गोल झाला.

मुलगी रडायला लागली. सासरी काय सांगू, हे तिचं एकच. बायको थेट न्हाणीच्या दाराशी गेली.

"वन्सं, झालं समाधान?"

आक्का न्हाणीतून बाहेर आली. तिला खरोखर काही कळलेलं नव्हतं, आणि कळल्यावर ती आधी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर, मी सांगतो, जिंकल्याचा भाव होता.

"मांजर खोलीत गेलं होतं का रे?"

"नाही."

"माझी मान साफ होती का?"

"होती."

"तूच बघितलीस दिवा धरून. मग आता कोणाचं नाव घेणार? तुझ्या त्या डॉक्टरचं? मांजराने केलं म्हणून सांगत फिरत होतास ना! आता मांजर न्हाई, मी न्हाई, मग कोण? कचेरीतून तूच काहीतरी घेऊन आलास पोरीला!"

आकडा जुळत नव्हता. ज्या दोन वाटांनी रोग येईल असं मी मानलं होतं त्या दोन्ही बंद होत्या. मी तसाच टोपी घालून दवाखान्यात गेलो. मुलगी आणि बाळ मागून टांग्यात आली.

डॉक्टरांनी गाल बघितला. तोच रोग. एवढ्या लहान बाळाला आधीचं मलम झोंबेल म्हणून त्यांनी दुसरं सौम्य दिलं. मी त्यांना माझे नियम सांगितले, थोडं चिडूनच. ते ऐकत राहिले आणि मग मुलीला विचारलं, बाळ कशात गुंडाळता?

"अंघोळीनंतर आत्याच्या धाबळीत," मुलगी म्हणाली.

माझा आकडा तिथे जुळला.

धाबळी म्हणजे लोकरीचं जाड वस्त्र. सोवळ्यातल्या माणसाला ती चालते, कारण लोकरीला विटाळ लागत नाही. त्यामुळे ती धुवायचीही गरज नसते. आक्काची धाबळी मी कधी पाण्यात गेलेली पाहिली नव्हती. ती एकच होती. अंगाखाली तीच, थंडीत पांघरायला तीच. आणि न्हाऊन आलेल्या बाळाला पुसून मांडीवर घ्यायचं तर सोवळं मोडू नये म्हणून मधे तीच. बाळाचा गाल तिच्यावर टेकायचा. मांजराच्या गळलेल्या केसांत रोग राहतो, डॉक्टर म्हणाले, केस दिसत नसले तरी राहतो, आणि महिनोन्महिने राहतो. मी मांजराला कडी लावली होती. मांजराचं अंथरूण रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत खोलीत जात होतं.

घरी आलो तेव्हा आक्का पडवीत बसली होती, जप चालला होता. मी तिच्या वळकटीतली धाबळी काढली. ती ओरडली, "शिवू नकोस!" मी ती अंगणात नेऊन दोरीवर टाकली आणि काठी मारली. दुपारचं ऊन तिरपं होतं. लोकरीतून करडे केस निघाले आणि उजेडात तरंगत राहिले. पुन्हा मारली, पुन्हा निघाले. शेजारची तेलीण भिंतीवरून बघत होती. मला त्याची पर्वा नव्हती.

"बघ," मी म्हटलं. "तूच बघ. तुझं शुद्ध वस्त्र. मांजराला विटाळ नाही, लोकरीला विटाळ नाही, म्हणून धुवायचं नाही, आणि पोरीच्या तोंडाला लावायचं. बाहेरून आलो म्हणून मला उंबऱ्यावर उभं करतेस तू!"

"पुरे," बायको म्हणाली. बायको असं म्हणेल याची मला अपेक्षा नव्हती.

"पुरे कसं? हिच्यापायी पोरीला सासरी तोंड दाखवता येईना."

आक्का दोरीजवळ आली. तिने एक केस बोटात धरला आणि उजेडात बघितला. तिची नजर अजून चांगली होती. मग बाळाच्या गालाकडे बघितलं. मुलगी त्याला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. नेहमीच्या सवयीने आक्काचा हात पुढे गेला. तो अर्ध्यात थांबला आणि तिने पदरात घेतला.

"दिवा घेऊन मान बघितलीस," ती मला म्हणाली. "मग धाबळी का न्हाई बघितलीस? हिशेब तुझा होता ना."

आजही मला वाटतं की हे बोलणं अन्यायाचं होतं. अंथरूण माझं आहे, तिकडे बघू नकोस, असं तिनेच सांगितलं होतं. पण त्या वेळी मी तसं म्हटलं नाही.

तिने धाबळी दोरीवरून ओढली आणि न्हाणीत नेली. चुल्यावरच्या हंड्यात अंघोळीचं पाणी खदखदत होतं. डॉक्टरांनी सुती कपडे उकळायला आणि लोकर धुवून चार दिवस कडक उन्हात टाकायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. मी ते सांगायला गेलो.

"आक्का, उकळू नकोस. आटून जाईल."

"जाऊ दे."

"नुसती धुतली तरी—"

"तू बाहेर हो. कचेरीचे कपडे आहेत तुझ्या अंगावर."

तिने ती काठीने हंड्यात दाबली. ओल्या लोकरीचा वास घरभर झाला. बाहेर निघाली तेव्हा धाबळी एवढीशी झाली होती, आटून पाटाएवढी, घट्ट आणि राठ. पांघरायच्या कामाची राहिली नाही. मी नवी आणतो म्हटलं. ती म्हणाली तुझ्या हातची नको.

दुसऱ्या दिवशीपासून ती न्हाणीत गेली नाही. मी तिला मना केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, धाबळी गेली, मान साफ आहे, हात साबणाने धुतले तर हरकत नाही. मी हे तिला सांगितलं. बायकोला सांगायला लावलं. मुलगी स्वतः बाळ घेऊन तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आत्या, घे ना गं." आक्का म्हणाली, "ने तिला. मला न्हाई शिवायचं." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मांजराचाही बंदोबस्त तिनेच केला. संध्याकाळी कोठीत नेऊन गोणपाटावर टाकायची आणि बाहेरून कडी लावायची. ते आतून दार खरवडायचं. "ओरड मेल्या," ती पडवीतून म्हणायची, "तुझ्यापायी माझ्या पदरात हे पडलं." नंतर हात साबणाने धुवायची, कोपरापर्यंत. साबणालाही ती आधी शिवत नसे.

बाळाला न्हाऊ घालायला वेशीकडची एक बाई लावली. धट्टीकट्टी, बोलायला मोकळी. पहिल्याच दिवशी तिने पाणी घातलं आणि पोराने किंकाळी फोडली. पडवीतून आवाज आला.

"डोक्यावर एकदम नको ओतूस! आधी पायावर घाल. पायावर!"

बाई चमकली. "कोण हाय वो?"

"आत्याबाई आहेत," मुलगी म्हणाली.

"मग हिकडं या की. तिथनं काय वरडता?"

बाईने पायावर पाणी घातलं. पोर थांबलं.

"पालथी घाल आता," भिंतीपलीकडून आवाज आला. "मान धर. मान धर म्हणते मी, बहिरी आहेस का? डावा हात छातीखाली घे. आता तेल. एवढं पुरत न्हाई, कंजूष कुठली! मी चाळीस पोरं न्हाऊ घातली, मला शिकवू नकोस."

"लई कटकट हाय बया," बाई पुटपुटली, पण हात तसाच घेतला.

मी अंगणात उभा होतो. आक्काची पाठ मला दिसत होती. ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती, पाय समोर लांब केलेले, नडग्या जुळवलेल्या, आणि पाण्याचा आवाज आला की तिचे दोन्ही हात रिकाम्या पायांवर वर-खाली फिरत होते. मी तिथून निघालो तेव्हा ती न वळताच म्हणाली, "उभा काय राहिलास? कचेरी न्हाई का आज?"